राजीनाम्याआधी कमावलेलं कमिशन नोकरी सोडल्यावर मिळतं का?

सेल्समध्ये काम करणाऱ्या माणसाचा फुल अँड फायनलचा हिशेब हातात आला की त्यात पगाराचे दिवस असतात, शिल्लक रजेचे पैसे असतात, कापलेली नोटीस असते. आणि कमिशनच्या रकान्यात शून्य असतं. विचारलं तर एचआरकडून एका ओळीचं उत्तर येतं: "पेआउटच्या दिवशी तुम्ही कंपनीत नव्हता, म्हणून तुम्ही पात्र नाही." बहुतेक जण इथेच गप्प बसतात, कारण नवी नोकरी लागलेली असते आणि रिलीव्हिंग लेटर अजून यायचं असतं. गप्प बसण्याआधी आपला हक्क नेमका किती आहे हे तरी कळायला हवं.

राजीनामा दिल्याने आधी पूर्ण झालेला हक्क बुडत नाही. नोकरीचा करार पुढच्या काळापुरता संपतो. मागच्या काळात त्या कराराखाली जे देणं उभं राहिलं, ते देणंच राहतं. त्यामुळे तुम्ही कधी गेलात यापेक्षा तुमचा हक्क कधी पूर्ण झाला हे महत्त्वाचं. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात कमी आणि तुमच्या कमिशन पॉलिसीच्या दोन-तीन वाक्यांत जास्त असतं.

पॉलिसी वाचताना तीन गोष्टी वेगळ्या काढा. पहिली म्हणजे कमिशन कशावर मिळतं: ऑर्डर आल्यावर, इनव्हॉइस निघाल्यावर की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर. दुसरी म्हणजे ते हातात कधी पडतं: पुढच्या पगारासोबत, तिमाही संपल्यावर की वर्षाअखेरीस. तिसरी म्हणजे त्या दिवशी नोकरीत असण्याची अट आहे का, आणि असेल तर ती नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिली आहे. पहिली गोष्ट हक्क ठरवते, दुसरी फक्त तारीख ठरवते. सगळं भांडण तिसरीवर होतं. बऱ्याच कंपन्या दुसरी आणि तिसरी एकच असल्यासारखं बोलतात. "पेआउट जुलैअखेर आहे" एवढंच लिहिलेलं असेल, तर जुलैअखेर नोकरीत असलंच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे आकड्यांत पाहू. समजा, समीर भोसरीतल्या एका कंपनीत औद्योगिक कॉम्प्रेसर विकतो. पगार महिना 32,000. जीएसटी सोडून इनव्हॉइसच्या रकमेवर दीड टक्का कमिशन, ग्राहकाची पूर्ण रक्कम जमा झाल्यावर देय. शिवाय तिमाहीत 60 लाखांचं बिलिंग झालं तर 40,000 रुपये इन्सेंटिव्ह. या इन्सेंटिव्हबद्दल पॉलिसीत वाक्य आहे: "तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या पगारासोबत, त्या दिवशी सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांनाच दिला जाईल." समीरने 10 जूनला राजीनामा दिला, 30 दिवसांची नोटीस पूर्ण केली आणि 10 जुलैला तो बाहेर पडला.

त्याचा पहिला सौदा चाकणच्या एका कारखान्याशी होता. इनव्हॉइस 22 एप्रिलचं, 12 लाखांचं. पैसे 18 जूनला जमा झाले. कमिशन 18,000. विक्री झाली, वसुली झाली आणि दोन्ही वेळी समीर नोकरीत होता. इथे वादाला जागाच नाही. 18 जूनच्या संध्याकाळी हे पैसे त्याचे झाले, द्यायचे तेवढे बाकी राहिले. कंपनीने हे अडवून धरलं तर तो करारभंग आहे.

दुसरा सौदा रांजणगावचा. इनव्हॉइस 25 जूनचं, 20 लाखांचं, पण ग्राहकाने पैसे दिले 8 ऑगस्टला. कमिशन 30,000. कंपनी म्हणणार, वसुली झाली तेव्हा तुम्ही नव्हता. पण समीरचं काम विकण्याचं होतं आणि ते 25 जूनला झालं. त्यानंतर राहिली ती ग्राहकाने पैसे देण्याची अट, आणि तीही ऑगस्टमध्ये पुरी झाली. वसुलीच्या दिवशीही विक्रेता नोकरीत असला पाहिजे असं पॉलिसीत कुठेही लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते नंतर जोडता येत नाही. हा दावा भक्कम आहे. मात्र वसुली होईपर्यंत पाठपुरावा करणं हेही कमिशनच्या बदल्यातलं काम आहे असं पॉलिसीत असेल, आणि तो पाठपुरावा नंतर समीरच्या जागी आलेल्या माणसाने केला असेल, तर कंपनीच्या म्हणण्याला वजन येतं. अशा वेळी रक्कम वाटून घेण्याची तडजोड होते, आणि माझ्या मते ती न्याय्यच असते.

तिसरा सौदा शिरवळचा. समीरने मे महिन्यात कोटेशन दिलं, दोनदा प्लांटवर जाऊन आला, डेमो दिला. ऑर्डर आली 21 जुलैला, 8 लाखांची. मेहनत त्याचीच होती, हे खरं. पण कमिशन इनव्हॉइसवर आहे, मेहनतीवर नाही, आणि तो नोकरीत असताना ऑर्डरही नव्हती, इनव्हॉइसही नव्हतं. सोडून गेल्यावर ठरावीक दिवसांत बंद होणाऱ्या सौद्यांचा वाटा मिळेल असं कलम पॉलिसीत नसेल, तर हे 12,000 रुपये सोडून द्यावे लागतात. लोक नेमके याच सौद्यासाठी सगळ्यात जास्त भांडतात, कारण तो मनाला सगळ्यात जास्त लागलेला असतो. त्यामुळे खात्रीच्या दाव्याचंही वजन कमी होतं.

इथे एक अपवाद आहे. समजा, शिरवळच्या ग्राहकाने पक्की परचेस ऑर्डर 3 जुलैलाच मेल केली होती, माल गोदामात तयार होता आणि वरिष्ठांनी "समीर जाऊ दे, मग बिल काढू" असं म्हणून इनव्हॉइस मुद्दाम थांबवलं. मग चित्र बदलतं. अट पुरी होऊ नये म्हणून एका पक्षाने स्वतःच अडथळा घालायचा आणि मग अट पुरी झाली नाही म्हणून पैसे नाकारायचे, हे कराराच्या कायद्यात चालत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 53 अशा अडवणुकीची जबाबदारी अडवणाऱ्यावर टाकतं. पण ते सिद्ध करायला तारीख असलेला मेल लागतो. कोणीतरी तसं म्हणालं होतं एवढं पुरत नाही.

आता त्या 40,000 च्या इन्सेंटिव्हकडे येऊ. एप्रिल ते जून समीरचं बिलिंग 62 लाख झालं. 30 जूनला टार्गेट पूर्ण, तेव्हा तो नोकरीत. पण पॉलिसीत "त्या दिवशी सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांनाच" हे शब्द आहेत, आणि 31 जुलैला तो सेवेत नव्हता. इथे प्रामाणिक उत्तर असं की दावा होऊ शकतो, पण तो पहिल्या दोन दाव्यांइतका मजबूत नाही.

कंपनीची बाजू अशी: हे पैसे फक्त टार्गेटसाठी नाहीत, माणूस टिकून राहावा म्हणूनही आहेत, आणि ही अट माहीत असूनच समीरने नोकरी केली. वर्षाअखेरच्या बोनसबाबत हा युक्तिवाद बऱ्याचदा टिकतो. समीरची बाजू अशी: रक्कम ठरलेल्या सूत्राने निघते, तिच्यात कोणाची मर्जी नाही. ज्या तिमाहीसाठी ती आहे ती तिमाही त्याने पूर्ण केली. 31 जुलै ही हिशेब करून पैसे टाकण्याची सोय आहे. काम पूर्ण करून घेतल्यावर केवळ पैसे देण्याच्या तारखेमुळे मोबदला बुडवणं ही एकतर्फी अट आहे. मसुदा संदिग्ध असेल तर तो करणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा, हे तत्त्व नोकरीच्या वादांतही लागू होतं. 'बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास' या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वेच्छानिवृत्ती योजनेचा अर्थ लावताना ते वापरलं होतं. पण हे तत्त्व संदिग्ध शब्दांनाच लागतं. "च" लावून स्पष्ट लिहिलेली अट संदिग्ध आहे असं म्हणणं अवघड जातं. म्हणून या रकमेसाठी सगळ्यात उपयोगी पुरावा असतो तो कंपनीच्या आधीच्या वागण्याचा. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या दोघा-तिघांना तिमाहीचा इन्सेंटिव्ह नंतर दिला असेल, तर ती अट कंपनी स्वतःच पाळत नव्हती असं दाखवता येतं.

"इन्सेंटिव्ह व्यवस्थापनाच्या विवेकाधीन राहील" हे वाक्यही जवळपास प्रत्येक पॉलिसीच्या शेवटी सापडतं. ते वाचून घाबरून जाऊ नका. रक्कम आणि निकष दोन्ही कंपनीच्या मर्जीवर असतील, तर त्या वाक्याला खरा अर्थ आहे. पण टक्केवारी, स्लॅब, टार्गेट सगळं छापून दिलेलं असेल आणि दर तिमाहीला त्याच सूत्राने पैसे मिळत आले असतील, तर ती मर्जी उरत नाही. पॉलिसी बदलण्याचा अधिकारही पुढच्या तिमाहीसाठी असतो. संपलेल्या तिमाहीचं सूत्र मागे जाऊन बदलता येत नाही.

आता कायदा. आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली. तिच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतनसुद्धा दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. जुन्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात अशी मुदत कंपनीने काढून टाकलेल्यांसाठी होती. राजीनामा देणाऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. शिवाय तो कायदा ठरावीक पगाराच्या आतल्यांनाच लागायचा, आणि ती मर्यादा शेवटी महिना 24,000 रुपये होती. आता ती मर्यादा गेली, मॅनेजर पदावरची माणसंही आत आली. हे वाचून "कमिशनही दोन दिवसांत" असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. ते चुकीचे आहेत.

कारण संहितेतल्या "वेतन" या व्याख्येतून ज्या रकमा वगळल्या आहेत, त्यात कर्मचाऱ्याला देय कमिशन नावानिशी आहे. वेतन देण्याच्या कामापुरत्या काही वगळलेल्या रकमा, म्हणजे प्रवासभत्ता, घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइमसारख्या, पुन्हा वेतनात धरायच्या आहेत. पण कमिशन त्या परतीच्या यादीत नाही. म्हणून दोन दिवसांची मुदत समीरच्या जुलैच्या दहा दिवसांच्या पगाराला सरळ लागते, 18,000 च्या कमिशनला सरळ लागत नाही.

यात एक खाच आहे, आणि ती कमिशनवर जगणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरचा भाग वेतनच मानायचा आहे. एखाद्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 30,000 आणि त्या महिन्याचं कमिशन 50,000 असेल, तर एकूण 80,000, त्याचा निम्मा 40,000. कमिशन त्याहून 10,000 ने जास्त आहे. हे 10,000 वेतनात येतात, त्या माणसाचं कायद्याच्या नजरेतलं वेतन 40,000 होतं, आणि तेवढ्या भागाला संहितेचं संरक्षण मिळतं. वगळलेल्या यादीत "इन्सेंटिव्ह" हा शब्द नाही, "कमिशन" आहे. त्यामुळे विक्रीच्या टक्केवारीवर नसलेला, टार्गेटवर ठरलेला इन्सेंटिव्ह हा करारानुसार मिळणारा मोबदला म्हणजे वेतनच आहे, असं म्हणायला कर्मचाऱ्याला वाव आहे. कंपनी ते मान्य करणार नाही, पण मुद्दा मांडण्यासारखा आहे.

वेतनाच्या व्याख्येतून वगळलं म्हणजे कमिशन बुडवायला परवानगी मिळाली, असं मात्र मुळीच नाही. एवढंच होतं की त्या पैशाचा रस्ता कामगार कायद्याऐवजी कराराच्या कायद्यातून जातो. ऑफर लेटर आणि कमिशन पॉलिसी हा करार, आणि त्याखालचं देणं म्हणजे साधं येणं. ते दिवाणी न्यायालयातून वसूल करता येतं.

व्यवहारात सुरुवात कोर्टापासून करायची नसते. सगळ्यात मोलाचं काम शेवटच्या दिवसाच्या आधीच करायचं असतं. कंपनीच्या मेलवरून मॅनेजर आणि एचआर दोघांना एक साधा मेल पाठवा. समीरने असं लिहिलं असतं:

"माझ्या कामाचा शेवटचा दिवस 10 जुलै आहे. कमिशन पॉलिसीनुसार पुढील रकमा माझ्या नावे आहेत: एप्रिलमधील चाकणचे इनव्हॉइस, वसुली 18 जून, कमिशन 18,000. जूनमधील रांजणगावचे इनव्हॉइस, वसुली बाकी, कमिशन 30,000. एप्रिल–जून तिमाहीचा इन्सेंटिव्ह 40,000, बिलिंग 62 लाख. यात काही फरक असल्यास कळवावे. या रकमा कधी जमा होतील ते कृपया सांगावे."

सोबत इनव्हॉइसचे क्रमांक द्या. या मेलला "येस, विल प्रोसेस" एवढं उत्तर आलं तरी तुमच्या हातात कबुली आली. उत्तर आलं नाही तरी वेळेवर मागणी केल्याची नोंद राहते. याशिवाय त्या तिमाहीत लागू असलेली पॉलिसी, आधीच्या पेआउटच्या पगारपावत्या आणि स्वतःच्या टार्गेटचं पत्र जपून ठेवा. ग्राहकांची यादी किंवा सीआरएमचा सगळा डेटा स्वतःच्या जीमेलवर पाठवण्याचा मोह मात्र टाळा. त्याने गोपनीयतेचा भंग होतो, आणि मग कमिशनचा विषय बाजूला पडून कंपनी तुमच्यावरच नोटीस काढते.

यानंतरचा सापळा फुल अँड फायनलच्या कागदात असतो. "मला माझी सर्व येणी मिळाली असून यापुढे माझा कोणताही दावा राहिलेला नाही" या ओळीखाली सही केली की नंतर भांडायला फारच कमी उरतं, कारण करार कायद्यानुसार आपलं येणं माणूस स्वतः सोडून देऊ शकतो. सहीशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, हीही वस्तुस्थिती आहे. अशा वेळी सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "कमिशन व इन्सेंटिव्हची 88,000 रुपयांची मागणी कायम ठेवून सही करत आहे." तसं लिहू दिलं नाही, तर त्याच दिवशी मेल करून कळवा की सही कोणत्या परिस्थितीत केली आणि कोणती रक्कम बाकी आहे. हिशेबात क्लॉबॅकच्या, म्हणजे आधी दिलेलं कमिशन परत घेण्याच्या, नावाने काही कापलं असेल तर त्याचं कारण आणि आधार लेखी मागा. माल परत आल्यामुळे त्या मालाचं कमिशन परत घेणं पॉलिसीत असू शकतं. पण तुम्ही माल विकलेल्या एका ग्राहकाने पैसे थकवले म्हणून दुसऱ्या सौद्याचं कमिशन रोखायचं, तर त्यालाही पॉलिसीत आधार हवा.

पैसे आले नाहीत तर स्पीड पोस्टाने मागणीची नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. वकिलाची नोटीस असली तर जास्त लवकर उत्तर येतं. पगार, रजेचे पैसे असं वेतनात बसणारं काही थकलं असेल, तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. वेतन संहितेखालचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि त्यात मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. शुद्ध कमिशनसाठी दिवाणी दावा. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल, तर समरी सूट नावाचा जवळचा रस्ता आहे, ज्यात कंपनीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. समीरचे 18,000 त्यात बसतात, 40,000 बसणं कठीण. रक्कम लहान असेल तर त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करून पाहावा. तिथे कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

दावा कुठे करायचा हे मात्र आधी ऑफर लेटरमध्ये पाहा. "मुंबईच्या न्यायालयांनाच अधिकार राहील" असं कलम खासगी नोकरीच्या करारात वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं आहे. तुम्ही नागपुरात काम केलं असलं आणि करारात मुंबई लिहिलेली असली, तर नागपूरला केलेला दावा परत येऊ शकतो.

दिवाणी दाव्यासाठी मुदत तीन वर्षांची, रक्कम देय झाल्यापासून. प्रत्येक रकमेची तारीख वेगळी मोजायची: समीरचं चाकणचं कमिशन जूनच्या पगारासोबत देय झालं असेल तर तिथून, रांजणगावचं ऑगस्टच्या वसुलीपासून. मुदत संपण्याआधी कंपनीने सहीच्या पत्राने किंवा अधिकृत मेलने देणं मान्य केलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजता यावीत अशी तरतूद मुदत कायद्याच्या कलम 18 मध्ये आहे. फोनवरच्या "बघतो, करतो" ला तो मान नाही.

पैसे नोकरी सोडल्यावर आले तरी करासाठी ते पगारच असतात. काही कंपन्या सोडून गेलेल्याला एजंट समजून कमिशनवरचा टीडीएस कापतात. ते चूक आहे. रक्कम जुन्या कंपनीच्या फॉर्म 16 मध्ये पगार म्हणून आली पाहिजे. तशी आली नसेल, तर रिटर्न भरण्याआधी त्यांच्याकडून टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करून घ्या.